आधी दुसरीने आकडा बोलायचा

प्रश्न : मॅडम, मी परभणीत एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत स्टाफ नर्स आहे. इन्सुलिन आणि हेपारिन देण्याआधी दोन सिस्टरच्या सह्या लागतात. मी भरते, दाखवते, दुसरी "हो, बरोबर" म्हणून सही करते. रात्री दोघीच असतो, तेव्हा कधी कधी सही नंतरच होते. याने खरंच चूक सापडते का? नीट करायचं तर कसं करायचं?

उत्तर :

नाही सापडत. तुमच्या सहकारी सिस्टर कामचुकार आहेत असं मी म्हणत नाही. पण तुम्ही सिरिंज पुढे करून "पन्नास युनिट भरलंय, बघ बरं" म्हणता, तेव्हाच त्यांच्या डोक्यात पन्नास बसलेला असतो. मग नजर सिरिंजवर पन्नास शोधते आणि तो तिला सापडतो. व्हायलवर काय लिहिलंय, ऑर्डर काय होती, वजन किती, हे काही त्यांनी पाहिलेलं नसतं. अडतीवर कापसाचे पैसे घेताना "मोजलेत ना?" असं विचारून कुणी गड्डी खिशात घालत नाही, स्वतः मोजतो. तुमच्याकडे सध्या "मोजलेत ना?" एवढंच चाललंय.

म्हणून आमच्याकडे नवीन मुली येतात तेव्हा मी एकच गोष्ट आधी पक्की करून घेते. जिने औषध भरलं तिने आकडा बोलायचा नाही. दुसरीने ऑर्डरपासून सुरुवात करून स्वतःचा आकडा काढायचा आणि तो आधी बोलायचा. बाकी सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. हे कसं चालतं ते इन्सुलिनच्या पंपावर सांगते, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते.

एका खासगी आयसीयूतली रात्र. ऊसतोडीच्या कुटुंबातली एकोणीस वर्षांची मुलगी, लहानपणापासून इन्सुलिनवर. कारखान्यावर गेल्यावर इन्सुलिन संपलं, पुन्हा आणलं नाही. उलट्या, पोटात दुखणं, जोरजोरात श्वास, ग्लुकोमीटरवर नुसतं HI. डीकेए. सलाईन जोरात सुरू झालं, रिपोर्ट आला, पोटॅशियम ४.१. डॉक्टरांनी ऑर्डर लिहिली : साधं म्हणजे रेग्युलर इन्सुलिन ५० युनिट, एनएसमध्ये मिसळून एकूण ५० मिली, सिरिंज पंपावर ०.१ युनिट प्रति किलो प्रति तास. वजन ४२ किलो. म्हणजे तासाला ४.२ युनिट. आणि पंपात एका मिलीला एक युनिट असल्यामुळे पंपावर ४.२ मिली प्रति तास.

इथवर सगळं बरोबर. नातेवाइकाला चिठ्ठी दिली, तो खालच्या मेडिकलवरून व्हायल घेऊन आला. पहिल्या सिस्टरने लाल टोपीची इन्सुलिन सिरिंज घेतली, रोजच्या सवयीने. एक ४० पर्यंत ओढली, मग तशीच दुसरी १० पर्यंत. झाले पन्नास. आता त्यांनी शेजारच्या सिस्टरला "पन्नास भरलंय, बघ गं" म्हणून विचारलं असतं, तर सही झाली असती आणि पंप सुरू झाला असता.

पण त्या आयसीयूत पद्धत वेगळी होती. त्यांनी भरलेलं इन्सुलिन एनएसमध्ये मिसळलं नाही. दोन्ही सिरिंज ट्रेमध्ये ठेवल्या, त्यांच्या शेजारी व्हायल, तिच्या शेजारी ऑर्डरचा कागद. स्वतःचा आकडा तळहाताएवढ्या चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी पालथी ठेवली आणि फक्त "ताई, चेक करा" म्हणाल्या.

दुसऱ्या सिस्टरने ऑर्डर वाचली : ५० युनिट. व्हायल हातात घेऊन लेबल वाचलं. त्यावर होतं १०० युनिट प्रति मिली. मग पन्नासला शंभरने भागलं. "मला अर्धा मिली पाहिजे," त्या म्हणाल्या. ट्रेमधल्या चिठ्ठीवर होतं सव्वा मिली.

घोळ काय झाला होता ते पहा. आपल्याकडे व्हायलमधलं नेहमीचं इन्सुलिन बहुतेक वेळा ४० युनिट प्रति मिलीचं असतं. लाल टोपीची सिरिंज त्यासाठीच बनवलेली असते, एका मिलीत ४० खुणा. पण काही कंपन्यांचं तेच साधं इन्सुलिन १०० युनिट प्रति मिलीच्या व्हायलमध्येही मिळतं आणि त्याची सिरिंज नारिंगी टोपीची. मेडिकलवाल्याकडे त्या रात्री जे होतं ते त्याने दिलं. चिठ्ठीवर फक्त औषधाचं नाव होतं, ताकद लिहिलेलीच नव्हती. लाल टोपीच्या सिरिंजने सव्वा मिली ओढल्यावर शंभरच्या व्हायलमधून आले १२५ युनिट, म्हणजे अडीचपट. पंपात एका मिलीला एकऐवजी अडीच युनिट, आणि मुलीला तासाला ४.२ ऐवजी साडेदहा.

ही चूक पंप सुरू झाल्यावर पटकन कळतही नाही. डीकेएत सुरुवातीला जे सलाईन जोरात जातं त्यानेसुद्धा शुगर भराभर उतरते. पहिल्या तासात शुगर खूप उतरली तरी सगळ्यांना वाटतं, पेशंट छान रिस्पॉन्ड करतोय. आपल्याला हवी असते तासाला साधारण ५० ते ७५ ची उतरण. ती दुसऱ्या-तिसऱ्या तासातही दीडशे-दोनशेने होत असेल आणि पोटॅशियम पाठोपाठ घसरत असेल, तर पंपात काय आहे हे पुन्हा तपासायला हवं. उलट बाजूही आहे. दहा-बारा तासांनी दुसरी सिरिंज भरताना नातेवाइकाने ४० ची व्हायल आणली, तर तीच भरण्याची पद्धत यावेळी बरोबर पडते आणि शुगर एकदम उतरायची थांबते. डॉक्टरांना वाटतं पेशंट बिघडला, ते रेट वाढवतात. चूक पहिल्या सिरिंजमध्ये, आणि शोधाशोध चालते दुसऱ्या सिरिंजची.

आता त्या रात्री ती पद्धत नेमकी कुठे उपयोगी पडली ते सांगते, कारण तुम्हाला तेवढंच उचलायचं आहे. पहिली गोष्ट, तपासणी मिसळण्याच्या आधी झाली. इन्सुलिन एकदा ५० मिलीत गेलं की पन्नास युनिटवाली आणि सव्वाशे युनिटवाली सिरिंज अगदी सारखी दिसते, पाण्यासारखी. त्यानंतर दुसरी सिस्टर कितीही हुशार असली तरी तिला तपासायला काही उरत नाही. दुसरी गोष्ट, दुसऱ्या सिस्टरने सुरुवात सिरिंजवरून केली नाही, ऑर्डरवरून केली आणि व्हायल स्वतः हातात घेतली. तिसरी गोष्ट, पहिलीचा आकडा पालथा होता.

आकडे जुळले नाहीत की काय करायचं, यावर बऱ्याच ठिकाणी गाडी घसरते. दोघींपैकी जी सिनियर तिचा आकडा धरला जातो. तसं करू नका. दोघींनी पुन्हा पहिल्यापासून वेगवेगळं काढायचं, आणि तरी जुळलं नाही तर ड्यूटी डॉक्टरला बोलवायचं. तोवर भरलेलं औषध पेशंटजवळ न्यायचं नाही. त्या रात्री पुन्हा काढल्यावर दोघींचाही अर्धा मिली आला. आधीचं भरलेलं फेकलं, नारिंगी टोपीची सिरिंज घेऊन पुन्हा भरलं. लेबलवर इन्सुलिनचं नाव, एकूण युनिट, एकूण मिली, एका मिलीत किती, वेळ आणि दोघींची नावं. दहा मिनिटं जास्त लागली. डीकेएत सलाईन चालू असताना इन्सुलिन दहा मिनिटं उशिरा गेल्याने काही बिघडत नाही. पोटॅशियम साडेतीनच्या खाली असेल तर आपण मुद्दामच थांबतो आणि आधी पोटॅशियम देतो.

एवढं झालं तरी पेशंटजवळ एक तपासणी बाकी राहते. दुसऱ्या सिस्टरने पंपापर्यंत जायचं, मनगटावरचं नाव वाचायचं, पंपाच्या स्क्रीनवरचा रेट वाचायचा आणि नळी हाताने धरून सिरिंजपासून कॅन्युलापर्यंत जायचं. ४.२ च्या जागी ४२ दाबलं जाणं ही कुणाच्याही बोटाने होणारी चूक आहे, आणि भरण्याच्या टेबलावर केलेली तपासणी ती पकडू शकत नाही. रेट बदलला की पुन्हा तेच. आणि सकाळी ओव्हर देताना नुसतं "पंप चालू आहे" म्हणू नका. ओव्हर घेणारीने लेबल आणि स्क्रीन स्वतः वाचून ऑर्डरशी ताडून घ्यायचं.

रेग्युलर आहे की ३०/७० हे व्हायल हातात घेतली की दिसतंच : रेग्युलर स्वच्छ पाण्यासारखं, ३०/७० गढूळ. शिरेतून गढूळ कधीच नाही. तेही दुसरीने आपल्या डोळ्यांनी पाहायचं.

हेपारिनची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तिथे फसवणारा आकडा लेबलवरच छापलेला असतो. हेपारिनच्या ५ मिलीच्या व्हायल दोन ताकदींत येतात. एकीत मिलीला १००० युनिट, म्हणजे पूर्ण व्हायलीत ५०००. दुसरीत मिलीला ५००० युनिट, म्हणजे पूर्ण व्हायलीत २५,०००. आता कुणी "पाच हजारची व्हायल दे" म्हणालं, तर दोन्ही व्हायलींवर पाच हजार हा आकडा आहे. समजा पायाच्या शिरेत गाठ झालेला ७० किलोचा माणूस आहे आणि किलोला ८० युनिटप्रमाणे ५६०० युनिट बोलस लिहिलाय. कमी ताकदीच्या व्हायलीतून ते ५.६ मिली होतात, म्हणजे एक अख्खी व्हायल आणि वर थोडं. जास्त ताकदीच्या व्हायलीतून फक्त १.१२ मिली. हातात जास्त ताकदीची असून डोक्यात कमी ताकदीची असेल तर माणसाला २८,००० युनिट जातील. दुसरी सिस्टर स्वतः लेबल वाचून, ५६०० ला मिलीमागच्या युनिटने भागून आकडा काढेल, तरच हे अडकेल. "व्हायल बरोबर आहे ना?" या प्रश्नाला ती प्रामाणिकपणे "हो" म्हणेल, कारण पाच हजार तिलाही दिसतोय.

अमेरिकेत इंडियानापोलिसला २००६ मध्ये नवजात बाळांच्या आयसीयूत असंच घडलं होतं. बाळांची नळी धुण्यासाठी लागणाऱ्या सौम्य हेपारिनच्या कप्प्यात मोठ्यांचं हेपारिन भरलं गेलं, मिलीला १० युनिटच्या जागी १०,००० चं. तीन बाळं गेली. कप्पा बरोबर होता म्हणून व्हायलही बरोबर, असं सगळ्यांनी धरलं होतं. आपल्याकडे कप्प्याच्या जागी मेडिकलची कॅरीबॅग आहे एवढाच फरक. जागेवर किंवा रंगावर विश्वास ठेवायचा नाही, लेबल वाचायचं.

हेपारिनमध्ये आणखी एक गोष्ट मी दुसऱ्या सिस्टरवरच टाकते, कारण पहिली औषध भरण्यात गुंतलेली असते. रेफरची चिठ्ठी वाचायची. तालुक्याहून आलेल्या पेशंटला तिथे निघतानाच एनॉक्सापॅरिनचं इंजेक्शन पोटात दिलेलं असतं, चिठ्ठीच्या मागच्या बाजूला घाईत लिहिलेलं, कधी लिहिलेलंही नसतं. म्हणून सोबतच्या नातेवाइकाला विचारायचं, "तिकडं पोटात सुई दिली का? किती वाजता?" दोघींचा हिशेब तंतोतंत जुळला तरी आधीच्या इंजेक्शनवर हेपारिन चढलं तर रक्तस्राव होऊ शकतो. असं काही कळलं तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय बोलस द्यायचा नाही.

यावरून दोघींच्या तपासणीच्या मर्यादाही लक्षात येतील. ऑर्डरच चुकली असेल तर दोघी मिळून ती चूक बिनचूक पार पाडतात. वजन चुकीचं असेल तर तसंच. आपल्या भागात स्ट्रेचरवर आलेल्या पेशंटचं वजन बहुधा नातेवाइकाला विचारूनच लिहितात, आणि शेतकरी माणूस सांगतो "असंल साठ-सत्तर". पेशंटकडे पाहून दुसऱ्या सिस्टरला ते पटलं नाही तर तिने तोंड उघडायला हवं. शक्य तिथे वजन करा, नाहीतर वजनापुढे "अंदाजे" लिहा. आणखी एक, ऑर्डरमध्ये युनिटसाठी नुसतं इंग्रजी यू अक्षर काढलेलं असेल आणि त्याचं तोंड वरून मिटलं असेल तर "६ यू" चं साठ वाचलं जातं. आणि दोघी तोच कागद वाचत असल्यामुळे दोघीही साठच वाचू शकतात. डॉक्टरांना "युनिट" असं पूर्ण लिहायला सांगा. कुरकुर करतील, पण लिहितात.

सिनियर-ज्युनियरचं म्हणाल तर त्यावर मला सापडलेला उपाय सोपा आहे. शक्य तेव्हा सिनियरने भरायचं आणि ज्युनियरने तपासायचं. आकडा आधी ज्युनियरने बोलायचा असतो, त्यामुळे तिला "हो ताई" म्हणायची सोयच राहत नाही. उलट केलंत, म्हणजे ज्युनियरने भरलं आणि इनचार्ज सिस्टरने तपासलं, तर इनचार्ज राऊंडच्या गडबडीत नुसती नजर टाकतात हा माझा अनुभव आहे.

आता तुमच्या रात्रीच्या ड्यूटीचं. दोघीच असताना प्रत्येक इंजेक्शनला हे सगळं करायला गेलात तर आठवड्यात पुन्हा नुसत्या सह्यांवर याल. म्हणून जिथे चूक झाली तर परत फिरता येत नाही तिथेच ही तपासणी पूर्ण करा : शिरेतून जाणारं इन्सुलिन, हेपारिनचा बोलस आणि पंप, लहान मुलांचा कुठलाही डोस, आणि पंपाच्या रेटमधला बदल. जेवणाआधी कातडीखाली देण्याच्या इन्सुलिनला एकटीने व्हायल आणि सिरिंजची जोडी जुळवणं, ४० ला लाल आणि १०० ला नारिंगी, हे माझ्या मते पुरेसं आहे. तुमच्या हॉस्पिटलचा नियम सगळ्यालाच दोन सह्या मागत असेल तर तो मोडू नका, इनचार्जशी बोलून बदलून घ्या. फक्त कातडीखालच्या इन्सुलिनमध्ये एक गोष्ट सांभाळा. पेन हरवलं किंवा पेनची सुई संपली म्हणून कार्ट्रिजमध्ये सिरिंज खुपसून कधीही इन्सुलिन ओढू नका. कार्ट्रिजमध्ये १०० युनिट प्रति मिली असतं. लाल टोपीच्या सिरिंजने वीसच्या खुणेपर्यंत ओढलंत की पन्नास युनिट जातात. असं करण्याची वेळ आलीच तर तिथे दुसरी सिस्टर नको, दुसरं पेन हवं.

दुसरी सिस्टर दुसऱ्या पेशंटच्या सीपीआरमध्ये अडकली असेल तर ड्यूटी डॉक्टर दुसरा तपासणारा होऊ शकतो, त्याच पद्धतीने, म्हणजे त्याने स्वतः आकडा काढून. मावशी, वॉर्डबॉय, ट्रेनिंगची मुलगी किंवा नातेवाईक नाही. खरंच कुणीच नसेल तर आपला हिशेब लिहून पालथा ठेवा, मध्ये दुसरं एखादं छोटं काम करा आणि मग ऑर्डरपासून पुन्हा कोरा हिशेब मांडा. हे दोघींच्या तपासणीची बरोबरी करत नाही, म्हणून शीटवर एकच सही करा आणि "एकटीने" असं लिहा. सकाळी दुसरीची सही घेऊन ती जागा भरू नका. नंतर काही झालं तर त्या खोट्या सहीने दोघी अडकतात, आणि चूक कुठे झाली हेही कुणाला कळत नाही.

तुमच्याकडे खरी तपासणी होते की नाही हे पाहायचं असेल तर मागच्या दोन-तीन महिन्यांचं रजिस्टर काढा. दोन्ही सह्यांची वेळ नेहमी एकच आहे का, एकाच पेनाने आहेत का, आणि आकडे जुळले नाहीत असं एकदा तरी लिहिलंय का? एकदाही नसेल तर चुका होत नाहीत असा त्याचा अर्थ काढू नका. न जुळलेल्या आकड्यांसाठी एक रकाना वाढवा, नाव न लिहिता. ओरडा बसणार नाही हे कळलं की तो रकाना भरायला लागतो.

आणि उद्याच करण्यासारखं एक काम. खालच्या मेडिकलवाल्याकडे जा, इनचार्जना सोबत घेऊन. त्याला सांगा की आयसीयूसाठी व्हायलमधलं रेग्युलर इन्सुलिन एकाच ताकदीचं ठेवायचं, बहुधा ४० चं, आणि हेपारिनही एकाच ताकदीचं. त्याच्याकडे ते संपलं आणि दुसरं द्यायची वेळ आली तर पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहून आधी वर फोन करायचा. आणि तुमच्या चिठ्ठीवर आजपासून औषधाच्या नावापुढे मिलीमागचे युनिट लिहा.